ओलावा इथला, वजन तिथलं

मसाल्याच्या निर्यातीचा करार कुणी माझ्यापुढे ठेवला की मी भाव बघत नाही. भाव त्यांनी ठरवलेला असतो आणि तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी दोन ओळी शोधतो. ओलावा कुठे मोजायचा हे एका ओळीत असतं, वजन कुठे धरायचं हे दुसऱ्या. या दोन ओळींत वेगवेगळ्या गावांची नावं असली की बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतात.

अनेक वर्षं मी न्हावा शेव्याच्या आसपासच्या गोदामांत सर्व्हेअर म्हणून उभा राहिलो. हातात परखी, खिशात सील, पुढे हळद नाहीतर जिरं नाहीतर मिरची, कधी गहू आणि मका. पोत्यात परखी खुपसायची, नमुना काढायचा, वजन बघायचं, दाखला लिहायचा. नंतर नोकरी सोडली आणि गोवंडीत घराजवळच एक खोली घेऊन बसलो. हार्बर लाइनवर मानखुर्द सोडलं की खाडीपूल आणि पलीकडे वाशीचा मसाला बाजार, त्यामुळे तिथले लहान निर्यातदार संध्याकाळी गाडी पकडून सहज येतात. मोठ्या कंपन्यांकडे त्यांचे वकील असतात. माझ्याकडे येतो तो वर्षाला दहा-वीस कंटेनर पाठवणारा माणूस. वडील आडत्या, मुलाने निर्यातीचा परवाना काढलेला, करार मोबाइलवर आलेला, सही उद्या करायची आहे. “काका, जरा नजर टाका” एवढंच त्याचं म्हणणं असतं.

या मंडळींना माल कळत नाही असं नाही. सांगलीची हळद आणि वसमतची हळद ते डोळे मिटून वासावर ओळखतील. हळकुंड मोडून बघतात. नीट वाळलेलं असेल तर कटकन मोडतं, धातूवर टिचकी मारावी तसा खणखणीत आवाज येतो. ओलं असेल तर आवाज दबका. ही परीक्षा खोटी नाही, मीही ती शेवटपर्यंत करत आलो. अडचण वेगळीच आहे. बाजारात खरेदीदार समोर उभा असतो, पोत्यात हात घालतो, माल पास म्हणतो, मापाडी वजन करतो, कडता कापला जातो आणि व्यवहार तिथेच मिटतो. माल बघणं, तोलणं आणि पैसे ठरणं एकाच ओट्यावर, एकाच सकाळी होतं. निर्यातीत या तीन गोष्टी तीन ठिकाणी आणि तीन वेगळ्या तारखांना होतात. करारातल्या गुणवत्तेच्या, ओलाव्याच्या आणि वजनाच्या कलमांचं काम त्यांना पुन्हा एका जागी आणून बांधण्याचं असतं. बहुतेक करारांत ती बांधलेली नसतात.

एक प्रकरण मी हल्ली प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो, कारण त्यात सगळं आहे. हळकुंडाचा एक कंटेनर, तागाची ५० किलोंची ३६० पोती, म्हणजे निव्वळ १८,००० किलो. भाव हिशेबाला सोपा पडावा म्हणून टनाला १,५०० डॉलर धरू. जायचं होतं आखाती देशातल्या एका बंदरावर. करारात लिहिलं होतं की ओलावा १० टक्के पायाभूत धरायचा, १२ पर्यंत माल घ्यायचा, पण १० च्या वरच्या प्रत्येक टक्क्याला किमतीत एक टक्का सूट. गुणवत्ता आणि ओलावा माल भरतानाच्या दाखल्याप्रमाणे अंतिम. त्याच पानावर चार ओळी खाली: वजन मात्र उतरवल्यानंतर खरेदीदाराच्या गोदामात होईल ते अंतिम.

निर्यातदाराला हे ठीक वाटलं होतं. ओलाव्याचा दाखला आपल्याकडचा, म्हणजे आपण सुरक्षित. वजन तिकडचं, पण पोती मोजून दिली आहेत, वाटेत कोण घेणार? माल भरताना ओलावा ११ टक्के निघाला. खरेदीदाराने करारानुसार एक टक्का, म्हणजे २७० डॉलर, कापले. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. मग महिन्याभराने वजनाचा कागद आला: १७,६०४ किलो. ३९६ किलो कमी, त्याचे आणखी ५९४ डॉलर. एकूण ८६४ डॉलर गेले आणि निर्यातदार माझ्यापुढे येऊन म्हणाला, “काका, आठ पोती चोरली यांनी.”

मी त्याला विचारलं, वजन केलं तेव्हा ओलावा मोजला होता का? मोजला होता, करारात गरज नव्हती, पण खरेदीदाराच्या गोदामाची पद्धत होती. ९ टक्के. मग आम्ही दोघांनी कागदावर फक्त कोरडी हळद मोजली, पाणी वगळून. इथे भरली तेव्हा १८,००० किलोंत ११ टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल १६,०२० किलो. तिकडे १७,६०४ किलोंत ९ टक्के पाणी, कोरडा माल पुन्हा १६,०२०. एक हळकुंडसुद्धा चोरीला गेलं नव्हतं. कमी झालेले ३९६ किलो म्हणजे निव्वळ पाणी, तेही वाळवंटी हवेच्या गोदामात तागाच्या पोत्यांतून निघून गेलेलं.

आता खरा प्रश्न. खरेदीदाराने किती मालाचे पैसे द्यायला हवे होते? करार १० टक्के ओलाव्याच्या हळदीचा होता. १६,०२० किलो कोरड्या मालात १० टक्के पाणी धरलं की १७,८०० किलो होतात. म्हणजे न्याय्य वजावट २०० किलोंची, ३०० डॉलरची. कापले गेले ८६४. पाणी जास्त होतं म्हणून एकदा पैसे कापले आणि तेच पाणी उडून गेलं म्हणून दुसऱ्यांदा. यात खरेदीदाराने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याने करारात लिहिलं होतं ते केलं. ओलावा न्हावा शेव्याला मोजला, वजन समुद्रापलीकडे, आणि मधल्या पाण्याचा भार दोन्ही वेळेला विकणाऱ्याच्या खांद्यावर आला.

दोन्ही मोजमापं एकाच जागी, एकाच दिवशी झाली असती तर हे घडूच शकलं नसतं. दोन्ही इथे धरली असती तर एक टक्का सूट, १८० किलो, आणि विषय संपला. दोन्ही तिकडे धरली असती तर ३९६ किलोंची घट दिसली असती, पण ओलावा ९ म्हणजे पायाभूत आकड्याच्या खाली, त्यामुळे सूट शून्य. त्यातही एक मेख आहे: १० च्या वर सूट लिहिलेली असते, पण १० च्या खाली माल गेला तर विकणाऱ्याला वाढ मिळेल असं फार थोड्या करारांत लिहिलेलं असतं. सूट एकाच दिशेला चालते. वजन तिकडे अंतिम असेल तर ही दुसरी दिशा मागून घ्यायला हवी, किंवा वजन पायाभूत ओलाव्यावर आणून धरायचं असं सरळ लिहून घ्यायला हवं.

हा कोरड्या मालाचा हिशेब उलट बाजूनेही उपयोगी पडतो. दुसऱ्या एका प्रकरणात माल तेवढाच, ओलावा दोन्हीकडे तेवढाच, पण तिकडचं वजन १७,३११ किलो आलं. निर्यातदार तोवर माझ्याकडून पाण्याचा धडा शिकलेला होता, त्यामुळे तो म्हणाला की हेही पाणीच असणार. हिशेब केला तर कोरडा माल १५,७५३ किलो, म्हणजे २६७ किलो कोरडी हळद खरोखरच गायब. ११ टक्क्यांच्या हिशेबात ती बरोबर ३०० किलो, सहा पोती. भरतानाच्या टॅलीच्या वह्या काढल्या तेव्हा एका ओळीत सहा पोती दोनदा मांडलेली सापडली. ती गोदामातून निघालीच नव्हती, कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. पाणी उडतं, कोरडा माल उडत नाही. म्हणून वजनावर वाद आला की आधी दोन्हीकडचा ओलावा मागावा.

माझ्या खोलीत तागाच्या एका लहान पोत्यात हळकुंडं भरून ते काट्यावर ठेवलेलं असतं. मे महिन्यात ठेवतो, शेजारी वही. जूनचा पाऊस लागला की आकडा हळूहळू चढायला लागतो, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा उतरतो. कुणी हात लावलेला नसतो. नवीन निर्यातदाराला मी आधी ती वही वाचायला देतो आणि मग करार काढायला सांगतो. हळद, धणे, मिरची, गहू, सगळेच हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहतात आणि तागाचं पोतं स्वतःही पाणी पितं. ज्याने करारात वजनाच्या जागेबरोबर वजनाची वेळ लिहिली नाही, त्याने हवामानाशी सौदा केला आहे.

वेळेचं महत्त्व लोकांना उशिरा पटतं. बंद कंटेनरमधून पाणी सहसा फार बाहेर जात नाही. दिवसा तापलं की मालातून निघतं, रात्री छत गार झालं की छताला थेंब धरतात आणि वरच्या थरातल्या पोत्यांवर पडतात. एकूण वजन जवळपास तेवढंच राहतं, पण वरची पोती बुरशीला येतात. खरी घट होते ती कंटेनर उघडल्यावर, माल मोकळ्या गोदामात पडून राहतो तेव्हा. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकरणात माल उतरवल्यानंतर किती दिवसांनी तोलायचा याची मर्यादाच नव्हती. म्हणून वजन तिकडचं मान्य करावं लागलं तर मी एवढं तरी लिहून घ्यायला सांगतो की ते कंटेनर रिकामा करतानाच, दोघांनी मान्य केलेल्या सर्व्हेअरसमोर, आणि ओलाव्याचा नमुना त्याच वेळी काढून.

आता ओलाव्याच्या आकड्याकडे येतो. १२ टक्के असं नुसतं लिहिलं तर त्याला अर्थ नाही, ही गोष्ट मसाल्यांत जितकी खरी आहे तितकी धान्यात नाही. गव्हाचा ओलावा मोजायचा तर तो दळतात, १३० अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवतात, वजनात किती घट झाली ते बघतात. गव्हात उडून जाण्यासारखं पाण्याशिवाय फारसं काही नसतं, म्हणून घट म्हणजे पाणी. हळदीत उडणारं तेल असतं, तीन ते पाच टक्के. त्याच तेलाचा तो वास. लवंगेत तर ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं. भट्टीत पाण्याबरोबर हे तेलही निघून जायला लागतं आणि तराजू त्यालाही पाणी म्हणून मोजतो. माल जितका ताजा आणि सुगंधी, तितका तो भट्टीत ओला दिसतो.

मसाल्यासाठी म्हणून वेगळी रीत आहे, टोल्युईनची. पूड केलेला नमुना टोल्युईन नावाच्या द्रवात उकळतात. त्याची वाफ पाण्याची वाफ सोबत घेऊन वर जाते, थंड होते आणि खुणा केलेल्या एका नळीत टपकते. पाणी टोल्युईनपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसतं. मसाल्याचं तेल टोल्युईनमध्येच विरघळून राहतं. नळीच्या तळाशी किती पाणी साचलं ते सरळ वाचायचं. आंतरराष्ट्रीय मानकांत याला आयएसओ ९३९ असा क्रमांक आहे. मी करारात ओलाव्याच्या आकड्याशेजारी हा क्रमांक लिहायला सांगतो. सहा अक्षरं लागतात.

ती न लिहिल्याने काय होतं ते एका जिरेवाल्याच्या बाबतीत पाहिलं. इथल्या प्रयोगशाळेने टोल्युईनने मोजून दिलेला आकडा मर्यादेच्या आत होता. तिकडच्या प्रयोगशाळेने भट्टीत मोजला, आकडा मर्यादेबाहेर गेला, माल अडकला. दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. दोघांचे अहवाल शेजारी ठेवले तेव्हा पद्धतीचा रकाना वाचून भांडण कुठलं ते कळलं, पण करारात पद्धत नसल्यामुळे तोडगा म्हणून काहीतरी सूट देऊनच माल सोडवावा लागला. हातात धरायच्या इलेक्ट्रॉनिक मीटरबद्दलही हेच. पोती वेगळी काढायला तो उत्तम, मी स्वतः वापरला आहे, पण तो विजेच्या गुणधर्मावरून अंदाज करतो आणि बहुतेक मीटर धान्यासाठी लावलेले असतात. त्यावरचा आकडा दाखल्यावर जाता कामा नये.

आणखी एक गैरसमज मला जवळपास प्रत्येकात भेटतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत अख्ख्या हळदीला ओलाव्याची कमाल मर्यादा १२ टक्के आहे. त्यामुळे करारात कमाल १२ दिसलं की निर्यातदार ११.८ चा माल निवांत भरतो. तो विसरतो की कमाल १२ याचा अर्थ १२.१ ला माल नाकारता येतो. पायाभूत १०, कमाल १२ हा वेगळा करार आहे: तिथे मधल्या पट्ट्यात सूट आहे, नकार १२ च्या वर. नुसतं कमाल १२ लिहिलं तर मधला पट्टाच नाही, एका दशांशावर व्यवहार उभा. आणि पावसाळ्यात भरलेला ११.८ चा माल तिकडे पुन्हा मोजला तर तो कुठल्या बाजूला पडेल हे नमुना कुठल्या पोत्यातून निघाला यावर ठरतं.

नमुन्याबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने बोलावंसं वाटतं, कारण ते माझं हातातलं काम होतं. कंटेनर भरून दार लावायच्या वेळी सर्व्हेअरला बोलावलं तर त्याला दाराजवळची पोती मिळतात, मागचा माल दिसतही नाही. उतरवतानाही तेच, आणि दाराजवळच्या वरच्या पोत्यांवर छताचे थेंब पडलेले असतात. म्हणून माल भरला जात असताना, ठरावीक अंतराने येणाऱ्या पोत्यांतून, परखी वरून, मधून आणि खालून लावून काढलेलाच नमुना धरायचा. सगळे लहान नमुने एकत्र मिसळायचे आणि त्याचे तीन भाग करून सील लावायचं: एक विकणाऱ्याला, एक खरेदीदाराला, एक सर्व्हेअरकडे, वाद आलाच तर लवादापुढे उघडायला. ओलाव्यासाठीचा भाग हवाबंद पाकिटात हवा. कापडी पिशवीत ठेवलेला नमुना कपाटात दोन महिने पडला की तोही वाळतो किंवा ओलावतो आणि तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. हा सगळा खटाटोप कुठल्या नियमाने करायचा हेही लिहिता येतं. धान्याच्या करारांत लंडनच्या गाफ्टा या व्यापारसंघाचे नमुन्याचे नियम, क्रमांक १२४, याच कामासाठी आहेत.

सर्व्हेअरच्या दाखल्यात किती ताकद असते हे सांगताना मी एका निवाड्याचा आधार घेतो. १९७४ साली लंडनच्या लॉ रिपोर्टमध्ये प्रसिद्ध झालेलं टोफर विरुद्ध काँटिनेंटल ग्रेन हे प्रकरण. अमेरिकी ड्युरम गव्हाचा सौदा, गुणवत्ता भरतानाच्या अधिकृत दाखल्याप्रमाणे अंतिम. दाखल्यात गव्हाची जी प्रत लिहिली होती ती चुकीची निघाली. निरीक्षकाची चूक होती हे दिसत होतं. तरी कोर्टाने सांगितलं की अंतिम म्हणजे अंतिम, दाखला दोघांवर बंधनकारक. विकणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं. मग मी त्याला करारातलं पुढचं कलम वाचायला लावतो, जिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की माल पोहोचेल त्या देशाच्या अन्नविषयक कायद्यांना उतरला पाहिजे. हे एक वाक्य अंतिम दाखल्याच्या भिंतीला पाडलेलं दार आहे. युरोपात हळदीला अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि ही बुरशीची विषं मालात सारखी पसरलेली नसतात. एका पोत्यात ठासून, शेजारच्यात काहीच नाही. इथल्या नमुन्यात आली नाहीत म्हणून तिथल्या नमुन्यात येणार नाहीत असं कुणी सांगू शकत नाही. दोन्ही कलमं एका करारात असतील तर कुठलं वरचढ हे तिथेच लिहून घ्यायचं. माझ्या मते न्याय्य तडजोड अशी की प्रत, रंग, ओलावा इथल्या दाखल्यावर, आणि तिकडच्या सरकारी यंत्रणेने विषारी अंशासाठी अधिकृतपणे नाकारलं तर तेवढ्यापुरती जबाबदारी विकणाऱ्याची.

नमुन्यावरून सौदा करणाऱ्यांसाठी आपला १९३० चा वस्तू विक्री कायदा एक कडक गोष्ट सांगतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे सौदा नमुन्यावरून आणि वर्णनावरूनही असेल तर माल नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. एका निर्यातदाराने फेब्रुवारीत नव्या मालातली निवडक हळकुंडं पाठवली, करारात नमुन्याप्रमाणे असं लिहिलं आणि शेजारी करक्युमिन किमान ३ टक्के असाही आकडा टाकला, कारण खरेदीदाराने विचारलं होतं. नमुन्याचं करक्युमिन त्याने तपासलेलं नव्हतं. माल नमुन्यासारखाच गेला, पण करक्युमिन तीनच्या खाली. माल नमुन्याबरहुकूम होता, हे त्याचं म्हणणं खरं होतं आणि निरुपयोगी होतं.

वजनाच्या कलमात आणखी दोन बारीक जागा आहेत. पहिली बारदानाची. बाजारात पोत्यामागे किलोभर वजावट धरायची आपल्याकडे सवय आहे, आणि तिकडचं गोदामही पुष्कळदा एक किलो धरतं. तागाचं ५० किलोंचं पोतं साधारण ५८० ग्रॅमचं असतं. ३६० पोत्यांत प्रत्यक्ष बारदान २०९ किलो, पण एक किलोने धरलं तर ३६०. दीडशे किलो हळद कागदावरच संपते. यावर उपाय साधा: भरायच्या आधी वीसेक रिकामी पोती तोलायची, सरासरी दाखल्यावर लिहायची आणि तीच बारदान म्हणून करारात धरायची. काही सौद्यांत पोत्यासकट वजन हेच निव्वळ वजन मानलं जातं. तसं ठरलं असेल तर हरकत नाही, पण मग भावही त्या हिशेबाने ठरलेला हवा.

दुसरी जागा सूट-घटीची. अर्धा टक्का घट खरेदीदाराने सोसायची असं बहुतेकांना माहीत असतं. आमच्या कंटेनरमध्ये अर्धा टक्का म्हणजे ९० किलो. घट ३९६ झाली तर विकणाऱ्याने ३०६ किलोंचे पैसे द्यायचे की अर्धा टक्का ओलांडला म्हणून सगळ्या ३९६ चे? दोन्ही प्रकारचे करार मी पाहिले आहेत, आणि वाक्य इतकं सारखं असतं की घाईत फरक दिसत नाही. “जादा घट” एवढंच लिहू नका. “अर्ध्या टक्क्याच्या वरची घट तेवढीच” असं लिहा.

कंटेनरच्या वजनाचा जो दाखला जहाजकंपनी मागते, १ जुलै २०१६ पासून सक्तीचा झालेला, तो काही जण विक्रीचं वजन म्हणून दाखवतात. तो जहाजाच्या तोलासाठी आहे. भुईकाट्यावर भरलेला ट्रेलर चढवून, त्यातून ट्रेलर आणि कंटेनर वजा करून काढलेला आकडा. काट्याचं एक घर दहा-वीस किलोंचं. हळदीच्या सौद्यात तो आधार म्हणून ठेवावा, पुरावा म्हणून नाही. पोत्यांचं एकेक वजन, निदान ठरावीक संख्येतल्या पोत्यांचं, मालाच्या काट्यावर करून लिहिलेला तक्ता हा पुरावा.

मागच्या हंगामात एक तरुण मुलगी आली. वडिलांचा वाशीत गाळा, ती स्वतः निर्यात बघते. जर्मनीच्या खरेदीदाराने पाठवलेला मसुदा तिने छापून आणला होता आणि समासात पेन्सिलने प्रश्न लिहिले होते, जे मला फार आवडलं. आम्ही चार बदल काढले. ओलाव्याला आयएसओ ९३९. ओलावा आणि वजन दोन्ही न्हावा शेव्याला, एकाच सर्व्हेअरकडून, माल भरताना. बारदान प्रत्यक्ष तोलून. अर्ध्या टक्क्याच्या वरची घट तेवढीच. तिने ते नम्रपणे आणि कारणांसकट लिहून पाठवले. उत्तर आलं: पद्धत मान्य, बारदान मान्य, घटीचं वाक्य मान्य, पण वजन हँबुर्गलाच. त्यांचा नियम आहे, सगळ्या पुरवठादारांना तोच.

ती म्हणाली, “मग सौदा सोडू का?” मी म्हटलं की सोडायची गरज नाही, त्याची किंमत काढू. ओलावाही हँबुर्गलाच मोजू द्या, वजनाच्याच दिवशी, आणि वजन पायाभूत ओलाव्यावर आणून धरा, एवढं एक वाक्य मागून घे. मग उरतं ते फक्त मोजमापातलं आणि हाताळणीतलं नुकसान. अर्धा टक्का त्यांनी सोसायचाच आहे, त्याच्या वरचं आपल्या वाट्याला. तिने आपल्या गेल्या काही खेपांचे दोन्हीकडचे आकडे वहीतून काढले, कोरड्या मालावर आणले आणि तिच्या हिशेबात टनाला आठ डॉलरचा धोका निघाला. तिने भावात दहा वाढवून मागितले. खरेदीदाराने सहा दिले आणि ते एक वाक्य जसंच्या तसं मान्य केलं. तिने सही केली.